टक्केसरांची दहाची मर्यादा

आमच्या विभागात त्यांना समोर 'सर' म्हणतात आणि पाठीमागे 'टक्केसर'. यात कुणाला लाचखाऊपणाचा वास येत असेल तर तो आधीच घालवते. या माणसाने विद्यार्थ्याकडून कधी पेनसुद्धा उसनं घेतलेलं नाही. टक्के म्हणजे साम्याचे टक्के. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टचे समन्वयक तेच. प्रोजेक्ट रिपोर्ट सॉफ्टवेअरमध्ये टाकायचा, इतरांच्या लिखाणाशी तो किती जुळतो ते बघायचं, आणि आकडा दहाच्या वर गेला की रिपोर्ट परत. अकरा असला तरी परत. साडेदहा असला तरी परत, आणि वर एक व्याख्यान फुकट.

माझं टेबल त्यांच्या टेबलाला लागून. त्यामुळे ही व्याख्यानं मला तोंडपाठ आहेत. "प्रामाणिकपणाला दशांश चिन्ह नसतं," असं ते म्हणत. एकदा मी म्हटलं, "सर, मग दहा टक्के अप्रामाणिकपणा तुम्हाला कसा चालतो?" त्यावर ते दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी बोलले ते खडू मागायला.

त्यांच्या शिस्तीची गंमत अशी, की रिपोर्टच्या पहिल्या पानावरचं 'हे लिखाण माझे स्वतःचे असून कोठूनही उतरवलेले नाही' हे प्रतिज्ञापत्र त्यांनी स्वतः लिहिलेलं होतं आणि प्रत्येकाने ते शब्दन् शब्द उतरवायचं असा हुकूम होता. विद्यार्थी पोट धरून हसायचे. सरांना त्यात हसण्यासारखं काही दिसत नसे.

यंदा त्यांनी एक सुधारणा केली. ऐनवेळी रडारड नको म्हणून ज्यांना हवं त्यांची कच्ची प्रत आधीच तपासून द्यायची. सुधारणा चांगलीच होती. जे कामसू होते, ते वेळेत कच्च्या प्रती घेऊन आले. बाकीचे नेहमीप्रमाणे झोपले.

यथावकाश पक्क्या प्रती आल्या. दुसऱ्या दिवशी तोंडी परीक्षा होती. विद्यापीठाने नेमलेले बाहेरचे परीक्षक तेवढ्या एकाच दिवसासाठी येणार होते. त्यांनी दिलेले गुण संध्याकाळपर्यंत पोर्टलवर भरायचे, की पोर्टल बंद. ज्याचे गुण नाहीत त्याचा निकाल राखीव. तोंडीच्या यादीत नाव यायला दहाच्या आतला दाखला हवा आणि दाखल्यावर सही टक्केसरांची.

सर एकेक रिपोर्ट तपासत होते. झोपाळूंचे आकडे सहा, आठ, पाच असे छान येत होते. मग 'शंका'चा रिपोर्ट आला. प्रत्येक तासाला हात वर करणारी म्हणून मुलांनीच तिचं हे नाव पाडलेलं. शहराच्या बसथांब्यांवर स्वतः उभं राहून, लोक किती वेळ खोळंबतात ते तिने मोजलं होतं. ऊन लागून एकदा तापाने पडलीही होती. त्या रिपोर्टचा आकडा आला चौऱ्याण्णव.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. चौऱ्याण्णवच. मग दुसऱ्या कामसू मुलाचा एक्क्याण्णव. तिसरीचा शहाण्णव. वेळेवर आलेले सगळे चोर आणि झोपलेले सगळे साव.

शंकाला बोलावलं. ती आली तीच घाबरलेली. तिला एका कंपनीत नोकरी लागली होती, पण निकाल दाखवल्यावरच रुजू करून घेणार होते. राखीव निकाल घेऊन ती कुठे जाणार होती?

"कुठून उचललंस?" सरांनी विचारलं.

"सर, हे माझंच आहे."

हे ऐकून सरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही.

"सर, कशाशी जुळतंय ते दाखवतं ना?" शंकाने विचारलं. भीतीतही तिला प्रश्न पडतच होते.

सरांनी यादी उघडली. पहिलाच स्रोत आमच्याच कॉलेजचा, 'विद्यार्थ्याचा लेख'. लेखकाचं नाव नाही, फक्त जमा केल्याची तारीख. ती तारीख शंकाने कच्ची प्रत दाखवली त्या दिवसाची होती.

मामला सरळ होता. तपासताना ती प्रत सॉफ्टवेअरच्या साठ्यात ठेवायची की नाही, असा एक पर्याय असतो. तो आपोआप 'ठेवा' वर असतो, आणि सरांनी त्याच्याकडे कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. शंकाची पक्की प्रत तिच्याच कच्च्या प्रतीशी जुळत होती. पोरीने स्वतःच्याच घरात चोरी केली होती.

"काढून टाका की तो स्रोत, एका क्लिकचं काम," मी म्हटलं.

पण नियम होता, आणि तो त्यांचाच होता. वशिल्याने आकडे खाली येऊ नयेत म्हणून कुठलाही स्रोत हाताने वगळायचा नाही. वगळायचाच तर समन्वयकाने लेखी कारण देऊन सही करायची. साठ्यातून प्रती काढून घ्यायला कंपनीला कळवावं लागतं आणि त्यात चार-आठ दिवस सहज जातात. तेवढ्यात निकालही लागला असता.

सर खुर्चीत नुसते बसून राहिले. मला संताप आला. "एवढी मान खाली घालायला जड जातंय का? उद्या तोंडी आहे तिची!"

"तसं नाही हो," ते अगदी बारीक आवाजात म्हणाले. "ही निर्दोष असेल, तर मागच्या वर्षीचा तो उंच पोरगाही निर्दोष होता. तेव्हा ही सोय नव्हती, पण तो मागे लागला म्हणून त्याचीही कच्ची प्रत मी अशीच तपासली होती. तोही हेच म्हणाला होता. माझंच आहे, सर."

मला तो मुलगा आठवला. सत्त्याऐंशी टक्के म्हणून त्याला तोंडीला बसू दिलं नव्हतं. निकाल राखीव राहिला, हातातली नोकरी गेली, आणि सहा महिन्यांनी पुरवणी परीक्षेत दुसरा प्रोजेक्ट देऊन तो सुटला.  आत्ताच मी सरांवर ओरडले होते त्याची मला लाज वाटली.

सरांनी कागद ओढला आणि लिहिलं, 'कच्च्या प्रती माझ्या चुकीने साठ्यात राहिल्या.' खाली सही केली. सगळ्या कामसू मुलांचे ते स्रोत वगळले. शंकाचा आकडा चारवर आला. ती तिथेच रडली आणि रडता रडता तिने दाखला कुठे लावायचा ते विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी बाहेरचे परीक्षक आले. सरांनी कबुलीचा कागद दोन्ही हातांनी त्यांच्यासमोर धरला. परीक्षकांनी न वाचताच सही ठोकली आणि परतीची गाडी किती वाजता आहे ते विचारलं. शंकाने मात्र त्यांना बसथांब्यांवरून असं काही घोळात घेतलं, की त्यांची गाडी चुकायची वेळ आली. संध्याकाळी गुण भरले गेले. पुढे निकाल लागला आणि शंका नोकरीवर रुजूही झाली.

निकाल लागला त्याच दुपारी सरांनी त्या उंच मुलाला फोन लावला. स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच होतो. ऐकायला हल्ली कमी येतं म्हणून ते फोन स्पीकरवर ठेवतात. सरांनी काही आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. "चूक माझी होती. तुझे सहा महिने मी वाया घालवले. तुझा पहिला प्रोजेक्ट अस्सल होता, हे मी विद्यापीठाला लेखी कळवतो."



"असू द्या सर," मुलगा म्हणाला. "नका कळवू. पुरवणीला दिलेला दुसरा प्रोजेक्ट मी नेटवरून उचलला होता. नुसते शब्द बदलले. सात टक्के आले. तुम्ही वर्गात सगळ्यांना तो नमुना म्हणून वाचून दाखवला होता."