कानामागचं मशीन

त्या वर्षी आमच्या नव्या कॉलनीत आठवड्यातून एकदाच टँकर यायचा. हॉर्न वाजला की बाया हंडे घेऊन धावायच्या आणि आई निवांत तांदूळ निवडत बसलेली असायची. दोनदा असं झालं, तेव्हा मी तिला शहरात, औरंगपुऱ्यातल्या दवाखान्यात कान तपासायला नेलं. बाबाही आले.

तपासणी झाली. कान तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "दोन्ही कानांत मध्यम स्वरूपाचा दोष आहे. कानाच्या आत बसणारं मशीन चालेल, कानामागचंही चालेल."

"आतलंच द्या," आई चटकन म्हणाली. ती कन्नड गावातल्या शाळेत शिकवायची. अंबाडा उंच, कान उघडे. लोकांना दिसू नये, एवढंच तिचं म्हणणं.

मॅडमनी आतल्या मशीनचा नमुना आणि डाळीएवढी बॅटरी तिच्या हातात ठेवली. "बॅटरी बसवून दाखवा. दर आठवड्याला बदलावी लागेल."

साखरेच्या आजारामुळे आईची बोटं बधिर झाली होती. बॅटरी निसटली. पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा खुर्चीखाली गेली. बाबा गुडघ्यांवर बसून ती शोधू लागले.

"कानात मळ लवकर साठतो तुमच्या," मॅडम हळूच म्हणाल्या. "आतल्या मशीनला तो जास्त त्रास देतो. कानामागचं मोठं असतं, बॅटरीही मोठी. कानात फक्त साचा बसतो, तो काढून धुता येतो."

आईचा चेहरा उतरला. बाबा खालूनच, तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानं बोलले, "आतलंच घे तू. मी बसवीत जाईन की रोज सकाळी. मला लई जड नाय."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. 

"आणि तुम्ही गावाला गेलात की? मी काय बहिरी बसू?" मग मॅडमना म्हणाली, "मागचंच द्या. माझं मला जमायला हवं."

दोन्ही कानांत गुलाबी लगदा भरून साचे घेतले. आठवड्यानं मशीन मिळालं. पहिले दिवस कठीण गेले. बांगड्या, पेपरची घडी, कुकरची शिट्टी, सगळंच अंगावर यायचं. स्वतःचा आवाज तिला डब्यात बोलल्यासारखा वाटायचा. मॅडमनी सांगितल्याप्रमाणे ती आधी घरात, शांततेत ते दोन-तीन तासच घालायची. एकदा जाऊन मॅडमकडून मशीनचा आवाज जुळवून घेतला. साचा कानात बसवायला आरशासमोर चार दिवस लागले, पण शिकली.

एका संध्याकाळी बाबा नेहमीसारखे ओरडले, "चहा ठेवतेस का?"

"अहो, ओरडता कशाला? मी इथंच आहे."

 बहुधा कित्येक वर्षांत बाबा तिच्याशी हळू बोलले नव्हते. खुर्ची जवळ ओढून ते तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटले. मला ऐकू आलं नाही. आई मात्र लाजून हसली आणि चहा ठेवायला उठली.