पहिल्या तासाचा खांब

“डॉक्टरच्या वेटिंग रूममधून निदान आत तरी बोलावतात,” ओट्यापलीकडून दादाचा आवाज आला. “आपल्या प्रीमियरच्या वेटिंग रूममध्ये नुसतं घड्याळ बघत बसतात लोकं.”

तो आपल्या आईशी, म्हणजे मावशींशी बोलत होता, पण लॅपटॉपवरचा तक्ता माझाच होता. करावे गावातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात मावशी मासे रांधायच्या आणि दादा ऐरोलीची नोकरी सांभाळून त्यांचं यूट्यूब चॅनल चालवायचा. मी शेजारच्या सोसायटीतून येऊन व्हिडिओ एडिट करायची. बोलायचं काम त्या दोघांचं, मला ते सोयीचं होतं.

त्या महिन्यात दादाने ठरवलं की प्रीमियर हवा की नको ते आकड्यांवरून बघायचं. एका शुक्रवारी आधी काही जाहीर न करता व्हिडिओ थेट टाकायचा. पुढच्या शुक्रवारी प्रीमियर, म्हणजे वेळ आधी जाहीर करायची, लोक येऊन वाट बघणार, चॅटमध्ये गप्पा मारणार आणि व्हिडिओ सगळ्यांना एकदमच सुरू होणार. दोन्हींचे पहिल्या तासाचे व्ह्यू आणि चॅट मोजून तक्त्यात भरायचं काम माझं.

मावशींचा जीव त्या चॅटमध्येच होता. टायपिंग माझं आणि शब्द त्यांचे. कोणी विचारी, “कोळंबीचा धागा काढायलाच हवा का?” मावशी आधी म्हणत, “कुठली हाय गो तू? इचार तिला,” आणि मग उत्तर. सुरुवातीला मी त्यांचं ‘पानी’ सवयीने ‘पाणी’ करून टाकलं होतं. त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. “मी आसं बोलतंय का? माझ्या नावानं शाळेतल्या बाई बोलतायत.” इंग्रजी शाळेत शिकलेल्या मला हे जरा जास्तच लागलं, पण ‘पाणी’ पुन्हा ‘पानी’ केलं.

शनिवारी दुपारी दादाने निकाल वाचला. “आई, प्रीमियरचे पहिल्या तासाचे व्ह्यू थेट टाकलेल्याच्या निम्मे पण नाहीत. चॅट भरपूर, पण चॅट म्हणजे तीच आठ-दहा माणसं. व्ह्यू कमी पडणार असतील तर पुढच्या आठवड्यापासून प्रीमियर बंद.”

मावशी पापलेटाचे पर छाटत होत्या. “बंद तर बंद,” त्या म्हणाल्या. कात्री मात्र थांबली. “त्या चॅटवरच्या पनवेलच्या पोरीला सांगितलं होतं, पुढच्या टायमाला सुकटीची चटनी सांगीन म्हनून.”

“कमेंटमध्ये सांग की.”

“कमेंटमध्ये ती उद्या वाचल. माझ्याशी बोलल काय?”

मी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. खरं तर त्यांच्याकडे बघायचं टाळायला. प्रीमियरचा, दर तासाला एक खांब दाखवणारा आलेख उघडला आणि पहिल्या खांबावर कर्सर नेला. चौकटीत वेळ दिसली: बारा ते एक.

आधीच्या शुक्रवारचा व्हिडिओ बारा वाजता टाकला होता. प्रीमियर साडेबाराचा होता, कारण मावशी म्हणाल्या होत्या, बायकांची भाकरी तोवर उरकते. आलेखातला खांब घड्याळाच्या तासाचा असतो, व्हिडिओच्या तासाचा नाही. मी थेट टाकलेल्याच्या पूर्ण तासाशेजारी प्रीमियरचा अर्धा तास मांडला होता. आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘पहिला तास’.

एक ते दोनचा दुसरा खांब उंच होता, पण त्यातला साडेएकपर्यंतचा भाग किती, हे आता कळायला मार्ग नव्हता. मिनिटामिनिटाचा आलेख फक्त शेवटच्या साठ मिनिटांचा दिसतो, तो काल साडेएकलाच बघायला हवा होता. त्या वेळी मी मावशींच्या पुढ्यात बसून तळलेली मांदेली खात होते.

म्हणजे प्रीमियर चांगला, हेही मला सिद्ध करता येत नव्हतं. चॅटचीही तुलना फसवी होती. थेट टाकलेल्या व्हिडिओला लाइव्ह चॅट नसतंच, त्यामुळे तिथे मी शून्य लिहिलं होतं, जणू कोणी बोलायला तयार नव्हतं.

गप्प राहिले असते तर कोणाला कळलं नसतं. दादाने तक्ता वाचला होता, खांब नाही. तो उठून चार्जर गुंडाळायला लागला. मावशींनी माशावर मीठ भुरभुरलं, थोडं जास्तच.

“दादा.” आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा म्हणावं लागलं. “दादा, थांब. तक्ता चुकलाय, आणि चूक माझी आहे. मी प्रीमियरचा अर्धाच तास मोजला. खरा आकडा आता मिळणार नाही, कमी असेल की जास्त मला माहीत नाही. पुढच्या शुक्रवारी प्रीमियर बरोबर बारा वाजता लावू या. मी पूर्ण तास समोर बसून मोजते, आणि त्या तासात चॅटवर मावशीच बोलतील, मी नुसतं टाइप करीन.”