गणप्याला लिहिलेली चिठ्ठी

मंडळी, दुपारपासून गोंधळलो आहे, म्हणून तुम्हालाच विचारतो.

माझा सोबती गणपत, जो पूर्वी आमच्याच घरी राहायचा, मॉरिशसच्या उसाच्या मळ्यातून नऊ वर्षांनी परतला. काल आगगाडीनं अकोल्याला उतरला. त्याला आणायला बैलगाडी धाडली, सोबत चिठ्ठी. आधी लिहिलं होतं, "आपण आमच्या घरी यावे." बायको म्हणाली, "जावयाले बोलावून राहिले काय तुमी?" ती फाडली.

मग लिहिलं, "गणप्या, गाडीत बस अन् ये. मागच्या दारानं ये, समोर कापसाचा ढीग आहे. अमेरिकेतली लढाई संपली तरी कापसाले भाव आहे, पण वेचाले माणसं भेटत नाहीत. उद्यापासून तू आमच्यासंगं. तुझी खाट जिथं होती तिथंच आहे."

आज तो आला, मागच्याच दारानं. मी लगेच वेचणीची झोळी त्याच्यापुढे केली.

तो हसला. मग हळूच म्हणाला, "चिठ्ठी वाचून लय बरं वाटलं, गड्या. पण नऊ वर्षं मले कोणी 'बस जरा' म्हटलं नाही. एक दिवस पाहुणा ठेवशीन काय?"

बायकोनं पाट मांडला. तो पोटभर जेवला आणि तिथंच झोपला. मी झोळी घेऊन कितीतरी वेळ उभा होतो.

तुम्ही काय लिहिलं असतं?