दिसेपर्यंत तेल

आमच्या खडेबाजारातल्या दुकानात येणाऱ्या दहांतली नऊ गिऱ्हाइकं एकच वाक्य बोलत, "जरा तेल सोडा की ओ." जणू घड्याळ म्हणजे शनिवारचा मारुती! आत बसून मी दातओठ खात असे. घड्याळातलं जुनं तेल सुकून डिंकासारखं होतं, त्यात धूळ बसते. त्यावर नवं तेल सोडलं की घड्याळ चार दिवस बरं चालतं आणि मग तोच चिखल चाकांच्या आसांची टोकं खाऊ लागतो. पण हे मी कोणाला सांगणार? मी पडद्यामागे बसत होतो, आणि पडद्यामागच्या माणसाचं मत कोणी विचारत नाही.

दुकान माझ्या थोरल्या भावाचं. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. बेळगावपासून निपाणीपर्यंत त्यांचा हात नावाजलेला होता, आणि मी जे काही शिकलो ते त्यांच्याकडूनच. पन्नाशी उलटली आणि त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. मिरजेच्या दवाखान्यात जाऊन डोळे करून घ्या म्हटलं, तर शेजारच्या शिंप्याचा डोळा कसा कायमचा गेला ते ऐकवत. शिवाय घड्याळजीला दिसत नाही असा पेठेत बोभाटा झाला की दुकान बसलंच. म्हणून कोणीही काही न बोलता आमच्यात एक व्यवस्था ठरून गेली. अण्णा पुढे काचेच्या कपाटाशी भिंग लावून बसत, घड्याळ घेत, चार शब्द बोलत. गिऱ्हाईक वळलं की घड्याळ आत माझ्याकडे येई. दुरुस्त होऊन बाहेर जाई ते त्यांच्या हातचं म्हणून. पेठेला वाटे, धाकटा नुसते पट्टे बदलतो नि भिंतीवरच्या घड्याळांना किल्ल्या देतो. अशी सहा वर्षं गेली. त्या तीन हात रुंद जागेत माझे केस पिकायला लागले.

दुसरी मोठी लढाई चालू होती. पुण्याच्या एका सरकारी कारखान्यात मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायला माणसं हवी होती. मी गुपचूप अर्ज टाकला, आणि चक्क बोलावणं आलं. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला हजर व्हायचं होतं. तो कागद मी आठ दिवस कोटाच्या आतल्या खिशात बाळगला आणि शेवटी धीर करून अण्णांना वाचून दाखवला.

"जा की. तुला कोण धरलंय?" अण्णा म्हणाले.

"आणि दुकान?"

"दुकान माझं न्हाय व्हय? काम बोटानं होतंय रं, डोळ्यानं न्हवं. आता येईल ते पहिलं घड्याळ मी एकटा उघडतो नि एकटा जोडतो. तू हात लावायचा न्हाय. आठ दिवस नीट चाललं, की तू तुझ्या वाटेनं."

मी कबूल झालो. त्या क्षणापासून माझं सगळं आयुष्य एका परक्या घड्याळावर टांगलं गेलं.

पहिलं घड्याळ आणलं निपाणीच्या एका तंबाखूच्या वखारीतल्या मुकादमानं. कोर्टाची तारीख होती म्हणून तो मोटारीनं बेळगावला आला होता. चांदीच्या डबीचं, पंधरा खड्यांचं खिशातलं घड्याळ.

"खिशात असलं की चालतंय, फळीवर ठेवलं की थांबतंय," तो म्हणाला. "हलवलं की परत सुरू. सांजंपतोर अर्धा तास मागं. वखारीची घंटा ह्याच्यावर पडती ओ, बाया माझ्या नावानं बोंब मारत्यात. जरा तेल सोडा."

अण्णांनी घड्याळ कानाशी धरलं. आधी आडवं, मग पालथं, मग कडी वर करून उभं. डोळे गेले तरी कान शाबूत होते. नंतर त्यांनी किल्ली दोन बोटांत धरून हळू फिरवली.

"आडवं धरलं की आवाज बसतोय. उभं केलं की लंगडतंय. किल्ली फिरताना वाळू चावल्यागत लागती. तेल सोडून भागायचं न्हाय मुकादम, सगळं खोलून धुवायला लागंल. मागं उघडून कवा झालं?"

मागचं झाकण त्यांनी माझ्याकडे न देता स्वतः उघडलं आणि आतल्या बाजूनं नख फिरवलं. घड्याळ पुरतं धुतलं की घड्याळजी तिथं सुईनं आपली खूण आणि साल कोरतो. अण्णांच्या नखाला त्यांचीच खूण लागली. सात वर्षांपूर्वीची. सात वर्षं तंबाखूची भुकटी खात ते घड्याळ चाललं होतं. मुकादमाला पुढच्या सोमवारी बोलावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाराशी ऊन आलं तसे अण्णा पाट टाकून उजेडात बसले. मी समोर, हात मांडीखाली दाबून. त्यांनी आधी कमानीतला ताण सोडला. तो न सोडता आतला भाग काढला तर सगळी चाकं एकदम भर्रकन सुटतात आणि दात मोडतात. मग झुलणारं चक्र त्याच्या पट्टीसकट उचललं. काटे, तबकडी, तरफ, चाकं, कमानीची डबी असं एकेक ते काढत गेले आणि ताटलीत ज्याच्या त्याच्या जागी ठेवत गेले. स्क्रू कुठला कुठं आहे हे त्यांना बोटांनी कळत होतं. डबीतली कमान उलगडून पुसली. पेट्रोल तेव्हा मोठ्या मिनतवारीनं मिळे, त्यातलं वाटीभर ओतून सुटे भाग धुतले. पेट्रोल तपकिरी झालं, आणि दुकानात तंबाखूचा वास सुटला. चाकांची टोकं ज्यांत फिरतात त्या खड्यांची भोकं टोकदार काडी फिरवून साफ केली. काडी स्वच्छ निघेपर्यंत नवं टोक, पुन्हा नवं टोक. काडी स्वच्छ निघाली का, एवढंच ते मला विचारत. चाकांची टोकं भेंडात खुपसून पुसली. लग्नाची बाशिंगं करतात तेच हलकं भेंड.

जोडणी म्हणजे खरी कसोटी. चार चाकांची चार टोकं एकाच वेळी चार भोकांत बसवायची, आणि वरची पट्टी जरा जोरानं दाबली की टोक मोडलं. लढाईच्या दिवसांत नवं कुठून आणणार? अण्णांनी डोळे मिटले. चिमट्यानं एकेक चाक हलवत, श्वास रोखून, पट्टी खाली बसवली. टक् असा बारीक आवाज झाला. कमानीला अर्धा वेढा दिला तर सगळी चाकं सरसर फिरून हळूच थांबली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मनात म्हणालो, सुटलो!

मग तेल. शिकाऊ असताना अण्णांनी मला एकच नियम घोकायला लावला होता: "तेल दिसलं, म्हंजे जास्त झालं." खड्याच्या खळगीत सुईच्या टोकावरचा एक कण टेकवायचा, बस्स. तरफेच्या टोकांना जवळजवळ नाहीच, आणि चक्राखालच्या केसाएवढ्या बारीक कमानीच्या तर जवळपासही जायचं नाही. अण्णांनी पहिल्या खड्यावर कण टेकवला. भिंगातून बघितलं. दिसला नाही. पुन्हा टेकवला. पुन्हा बघितलं. असं दिसेपर्यंत. प्रत्येक खड्यावर दिसेपर्यंत.

मी मांडीखालचे हात आणखी दाबले. सगळं त्यांनी एकट्यानं करायचं असं ठरलं होतं ना!

घड्याळ चालू झालं. अण्णांनी कानाशी धरलं आणि लहान पोरासारखे हसले. झाकणात सुईनं खूण कोरली, साल कोरलं, घड्याळ खिळ्याला टांगलं आणि "बघ, थांबतंय का," म्हणत घरी जेवायला नि वामकुक्षीला गेले. टांगण्याआधी मी स्टेशनवरची वेळ सांगितली होती आणि अण्णांनी काटे मिळवले होते. दुपारी दोन वाजता ते सव्वादोन दाखवत होतं, आणि टिकटिक घाईला आली होती.

न उघडताच मला कळलं. वरच्या खड्यावरचं जादा तेल खाली ओघळून त्या बारीक कमानीवर गेलं होतं. वेढ्याला वेढा चिकटला की कमान आखूड होते, आणि चक्र धावत सुटतं.

खरं सांगायचं तर मला अण्णांची दया वगैरे काही आली नाही. मला पुणं दिसलं. तिथली खिडकीजवळची माझी खुर्ची दिसली. अण्णा उठायच्या आत मी चक्र काढलं, कमानीसकट पेट्रोलमध्ये बुचकळलं, टिपकागदावर वाळवलं. बाकीच्या खड्यांवरचं तेल टिपून घेतलं, जिथं हवं तिथं कण ठेवले आणि सगळं जसंच्या तसं टांगलं. 

आडवं, पालथं, टांगतं, सगळ्या तऱ्हेनं आठ दिवस ते घड्याळ ठेवलं. अर्ध्या मिनिटाचा फरक नाही. सोमवारी मुकादम आला, वेळ बघून खूष झाला. अण्णांनी माझ्याकडे वळून मोठ्या दिमाखानं सांगितलं, "जा आता पुण्याला. बिनघोर जा."

त्याच दुपारी त्यांनी एका वकिलांचं घड्याळ घेतलं आणि मला न विचारता उघडलं. मी ट्रंक आवरायला घरी गेलो होतो. परत आलो तर घड्याळ चालू होतं आणि तबकडीच्या कडेनं तेलाचा बारीक ओघळ बाहेर आला होता. अण्णा शीळ घालत होते. सहा वर्षांत मी त्यांची शीळ ऐकली नव्हती.

मग मला सगळं कळलं. मी त्यांना नापास होऊ दिलं असतं, तर रडून-भांडून का होईना, मिरजेची वाट धरता आली असती. आता ते पास झाले होते. खरं सांगावं तर फसवणूक माझी, आणि त्यांचा तो आनंद जाणार. न सांगता जावं तर महिनाभरात अर्धं बेळगाव तेलात बुडणार आणि त्यांचं नाव मातीत जाणार. स्वतःला कोंडायला मी स्वतःच इतकी सुबक कडी केली होती.

वकिलांचं घड्याळ मी संध्याकाळी गुपचूप धुतलं. तीस तारखेला अण्णांना सांगितलं, पुण्याहून नकार आला, बोलावणं रद्द झालं.

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "जाऊ दे रं. मी हाय न्हवं," म्हणाले. त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं.

पुढं ते कोणाकोणाला सांगत. एकदा खासबागेतल्या एका मास्तरांना हळू आवाजात सांगताना मी ऐकलं, "लई आशा होती पोराला पुण्याची. घेतलं न्हाई त्येनी. हाताला सफाई लागती ओ, ती काय सगळ्यांना येती व्हय? मी सांभाळून घेतो झालं." अण्णांनी नीट केलेलं मास्तरांचंच घड्याळ पडद्यामागे माझ्यासमोर पुन्हा उघडं होतं आणि चिमट्यात त्याचं चक्र होतं. मला राग यायला हवा होता. आला नाही, आणि त्याचीच मला भीती वाटली.