बहुतेक रात्री किती ताटं

आमच्या गावच्या शाळेत एक खोली रिकामी पडली, तिथून हे सगळं सुरू झालं. पोरंच कमी झाली. जिथं दोन वर्ग दाटीनं बसायचे, तिथं आता दोन्ही वर्ग मिळून एका खोलीत मावतात आणि तरी मागच्या सतरंजीवर मांजर झोपतं. उरलेल्या खोलीचं काय करायचं, यावर पंचायतीत दोन तट पडले. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना तिथं व्यायामशाळा हवी होती. म्हाताऱ्यांना हवी होती दुपारचं एकत्र जेवायची जागा. ज्यानं त्यानं शिधा आणायचा, बचत गटाच्या बायकांनी रांधायचं आणि एका पंगतीत बसायचं, इतकं साधं मागणं.

माझं कॉलेज इस्लामपूरला. तिथं मी भूगोल शिकवते. लग्न करून कुंडलच्या अलीकडच्या या गावात आले त्यालाही आता बरीच वर्षं झाली, तरी गावाला माझी आठवण येते ती दाखल्यावर सही हवी असली तरच. या वेळी मात्र सरपंचबाई स्वतः घरी आल्या. म्हणाल्या, "मॅडम, आवं भांडणं लय झाली. तुमची पोरं लावा कामाला. गावात तरणी किती, म्हातारी किती, ते एकदा कळू द्या. मग ठरवू."

मला ते पटलं. वर्गात लोकसंख्येचा मनोरा शिकवायचा आणि पोरांनी तो पुस्तकातून ट्रेसिंग पेपरनं उतरवायचा, याचा मला मनापासून वैताग आहे. मी वर्गच्या वर्ग गावात आणून सोडला. दोघादोघांनी घरं वाटून घेतली. दारात उभं राहायचं, घरात किती माणसं, कुणाचं वय काय, बाई की पुरुष, एवढंच विचारायचं.

या साऱ्यात माझा जीव गुंतला होता तो शेजारच्या काकूंपायी. सत्तरी ओलांडलेली बाई, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. थोरला मुलगा फौजेत, धाकटा बायकोला घेऊन पुण्यात. काकू एकट्या. एक म्हैस आणि त्या. सकाळी एकदा भाकरी थापायची आणि तीच रात्री दुधात कुस्करून खायची. दोन महिन्यांपूर्वी गोठ्यात चक्कर येऊन पडल्या, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, बाकी काही नाही, पोटात अन्न नाही. मी डबा देऊ केला तर राग आला त्यांना. "एकटीसाठी चूल पेटवाय नको वाटतं गं," एवढंच म्हणाल्या. "चार बायका म्होरं असल्या की घास उतरतो." ती खोली म्हणजे काकूंचं दुपारचं जेवण होतं, हे मला माहीत होतं. पण आकडे माझ्या बाजूनं वाकवायचे नाहीत, हेही मी ठरवलं होतं.

आकडे आले आणि माझं तोंड उतरलं.

मनोरा काढला तो मोठ्या कागदावर. डावीकडं पुरुष, उजवीकडं बायका. पाच-पाच वर्षांचे गट, तान्ही सगळ्यांत खाली, म्हातारी वर, आणि जितकी माणसं तितकी लांब पट्टी. पाया अरुंद आला, म्हणजे गेल्या काही वर्षांत जन्म कमी झालेत. रिकाम्या खोलीचं कारण तेच. पण मधला भाग, विशी ते चाळिशी, चांगला भरदार. मध्यवय आलं पस्तिशीच्या आसपास. आणि कमावत्या वयाच्या, म्हणजे पंधरा ते एकोणसाठ वर्षांच्या शंभर माणसांमागं लहान आणि म्हातारी मिळून पन्नासही नाहीत. कागद सांगत होता, गाव तरणं आहे, अंगात बळ आहे, खुशाल व्यायामशाळा काढा.

ग्रामसभेत मी कागद टांगला. सरपंचबाईंनी विचारलं, "मध्यवय म्हंजी सरासरीच न्हवं?"

"नाही," मी म्हटलं. "सरासरीत एखादी शंभरीची म्हातारी आली की आकडा वर ओढला जातो. मध्यवयाचं तसं होत नाही. सगळ्यांना वयाप्रमाणं ओळीत उभं करायचं आणि बरोबर मधल्या माणसाचं वय विचारायचं. अर्धं गाव त्याच्याहून लहान, अर्धं मोठं."

शिकवायची खोड वाईट. "उभे राहा बघू," मी म्हणून गेले. लोकांनाही गंमत वाटली. देवळापुढं ओळ लागली. दोन म्हाताऱ्यांमध्ये कोण थोरला यावर बराच वेळ वाद झाला. तो मिटला तो कुणाच्या लग्नात कोण करवला होता यावरून. मधोमध जो माणूस आला तो निवृत्त सुभेदार निघाला, वय बासष्ट.

सभेला आलेले म्हणजे सगळं गाव नव्हे, हे मला कळतं. ज्याला दुपारचा वेळ आहे तोच सभेला येतो. तरी माझ्या मनात पाल चुकचुकली. कागदावर तो भरदार पट्टा आहे, मग ते सगळे गेले कुठं? रानात म्हणावं तर रानातही मला रोज पिकलेलीच डोकी दिसतात. समोर भरतीची सात-आठ पोरं सोडली तर ओळीत विशी-तिशीचा पुरुष नव्हता.

सभा निर्णयाविना उठली. घरी येताना मी काकूंना सहज विचारलं, "पोरं आली होती तेव्हा तुम्ही घरात किती जण सांगितलं?"

"चार," काकू म्हणाल्या. "म्या, दोन ल्योक, सून."

"काकू, तुम्ही तर एकट्या राहता."

त्या थांबल्या. "मग काय सांगू? ल्योक घरात न्हाई म्हणू? थोरला तिकडं बर्फात हाय. दिवेलागणीला दारात उभं ऱ्हाऊन म्या म्हणू, माझा ल्योक न्हाई म्हणून?"

आमच्याकडं बाहेर पडताना कुणी 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतात. बांगडी फुटली तरी बायका 'बांगडी वाढली' म्हणतात. अशा गावात मी पोरं पाठवली आणि आयांना विचारलं, घरात किती माणसं. ज्या घरातला मुलगा फौजेत, त्या घरानं तो घरात सांगितला. ज्याचा पुण्यात, त्यानंही. माझ्या घरचा आकडासुद्धा तीन होता. लेक बंगळूरला नोकरी करते आणि दारात उत्तर दिलं होतं ते माझ्या नवऱ्यानं. मी विचारलं तर म्हणाले, "तिची खोली आहे की." आणि पुन्हा पेपर वाचत बसले.

मला आधी राग आला, मग हसू आलं आणि मग काकूंच्या बंद दाराकडं पाहून फार वाईट वाटलं. त्या खोलीच्या विरुद्धचा आकडा त्यांनीच स्वतःच्या तोंडानं दिला होता, आणि तो बदलायचा तर त्यांना 'नाही' म्हणावं लागणार होतं. मी दुसऱ्या दिवशी जरा समजूत घालून पाहिली. "तेवढं माझ्या तोंडून वदवू नगंस," काकू म्हणाल्या. "जेवान ऱ्हाऊ दे मग."

चूक माझ्या प्रश्नात होती, त्यांच्या उत्तरात नव्हती. माणूस मोजायच्या दोन रीती असतात, मूळचा कुठला ते मोजायचं किंवा प्रत्यक्षात राहतो कुठं ते. खोली वापरणार राहणारी माणसं. मी कॉलेजातल्या पोरांना पुन्हा बोलावलं आणि सांगितलं, माणसं विचारायचीच नाहीत. विचारायचं, गेल्या सहा महिन्यांत बहुतेक रात्री तुमच्याकडं किती ताटं पडली आणि त्या ताटांवर कोण बसलं.

या प्रश्नाला कुणी अडखळलं नाही. ताटाचं खोटं कुठली बाई सांगत नाही. काकूंच्या दारात मी स्वतः गेले. त्यांनी माझ्याकडं नीट बघून घेतलं, मग म्हणाल्या, "एक."

मग वर्गात नवा मनोरा काढला. डाव्या बाजूला विशी ते चाळिशी कंबरेत आवळल्यासारखी आत गेली होती. उजवी बाजूही आत गेली होती, पण कमी. काही सुना सासरी राहिल्या आहेत. वरच्या पट्ट्या होत्या तेवढ्याच होत्या, पण आता त्याच रुंद दिसत होत्या, आणि अगदी वर बायकांच्या पट्ट्या पुरुषांच्यापेक्षा लांब. त्या विधवा. मध्यवय पंचेचाळिशी ओलांडून गेलं. शंभर कमावत्यांमागं अवलंबून असलेली ऐंशीच्या वर गेली, आणि त्यांत लहान मुलं थोडी, म्हातारीच जास्त. हे वेगळं सांगणं भाग होतं, कारण मुलं जास्त असती तर मी स्वतः म्हटलं असतं, खोलीत बालवाडी काढा.

दुसऱ्या सभेत भरतीतला एक पोरगा उठला. "मॅडम, काकू अजून धारा काढतात. त्या अवलंबून कशा? आन् मी कमावता? मला तर आई पेट्रोलला पैसे देती."

सभा हसली. मी म्हटलं, "बरोबर आहे. हे माप वय बघतं, घाम बघत नाही. गाव कुठं वाकलंय तेवढं ते दाखवतं." तो पोरगा कागदाकडं बघत राहिला. भरती झाला की त्याची पट्टीसुद्धा इथून जाणार, हे त्याला दिसलं असावं. तोच म्हणाला, "आमाला खोली नको. पटांगणात डबल बार रोवून द्या. खोली आज्यांना द्या." सरपंचबाईंनी तिथंच हात वर करायला लावले.

पहिल्या पंगतीच्या दिवशी मी मुद्दाम सुट्टी काढली. भिंतीवर दोन्ही कागद पोरांनी लावून ठेवले होते. जेवण उरकलं, बायका भांडी आवरायला लागल्या. काकू पदरानं हात पुसत कागदापाशी आल्या. त्यांना वाचता येत नाही. त्यांनी नव्या मनोऱ्याच्या आत गेलेल्या कंबरेवर बोट ठेवलं.

"हितं माझी पोरं असायची व्हय?"

"हो."

"आन् आता कुठं हायत?"

"थोरला जिथं तैनात आहे तिथल्या मोजणीत. धाकटा आणि सून पुण्याच्या. इथं पट्टी आखूड झालीय ना, तेवढी तिकडं लांब झालीय."

मला वाटलं, काकू रडतील. त्यांनी बोट उचललं आणि पदर सारखा केला.

"म्हंजी कुणीतरी मोजल्यात त्यांस्नी," त्या म्हणाल्या. "मग बरं हाय." आणि स्वतःचं ताट घासायला घेऊन गेल्या.