पाण्यात पडलेली तार

विरारला मनवेलपाड्यातल्या आमच्या छोट्या ऑफिसात आम्ही एका तक्रार केंद्राला आलेले मेसेज योग्य विभागाकडे पाठवायचो. हे काम जुना क्लासिफायर, म्हणजे मेसेजची वर्गवारी करणारा प्रोग्राम, करायचा. हजारो जुन्या तक्रारींवरून तो शिकला होता. त्या आठवड्यात त्याच्या जोडीला एक भाषा मॉडेल चाचणीला लावलं होतं. विभागांची यादी दिली की ते मेसेज वाचून त्यातला एक निवडायचं, पण त्याचं उत्तर फक्त नोंदलं जायचं.

दुपारी दोन्ही उत्तरं ताडून पाहताना मी एका ओळीवर थांबले. निर्मळहून एका बाईंनी लिहिलं होतं, "वाडीच्या पान्यात तार पडलीय, सासू पलीकडे अडकलीय." क्लासिफायरने 'पान्यात' पाहून मेसेज ठामपणे पाणीपुरवठ्याला पाठवला होता. मॉडेलने 'विजेचा धोका' म्हटलं होतं. मेसेज येऊन अर्धा तास झाला होता.

मी आधी वीज कार्यालयाला कळवलं, मग बाईंना फोन लावला. दोनदा उचललाच नाही. तिसऱ्यांदा आवाज आला, "सासूला हलू नको सांगितलंय. येताय ना कोणी?"

"येतायत. तुम्हीही पाण्यात पाय घालू नका."

वीज बंद झाली, सासूबाई सुखरूप बाहेर आल्या.

"आता मॉडेललाच सगळं देऊ," साहेब म्हणाले.

मी सकाळची नोंद दाखवली. त्याच मॉडेलने यादीत नसलेला विभाग लिहिला होता. शेवटी ठरलं, दोघांपैकी एकानेही धोका म्हटलं तर माणसाने लगेच वाचायचं.

दोघंही चुकले तर? ती भीती आजही जात नाही.