मुदतीच्या अर्जावर आप्पांची सही

माझी शाळा नववीत सुटली. लातूरजवळच्या मुरुडच्या शाळेतून दाखला काढताना आप्पांनी, माझ्या वडिलांनी, अर्जावर सही केली होती, ती मला अजून आठवते. नाव पूर्ण लिहून खाली दोन रेघा. मी दाराशी उभी होते. मास्तर म्हणाले होते, "कारण काय लिहू?" आप्पा म्हणाले, "घरची अडचण लिवा." अडचण खरीच होती, त्याबद्दल मी त्यांना कधी दोष दिला नाही. पण सही लक्षात राहिली.

त्यानंतर वीस वर्षांनी मी पुन्हा विद्यार्थिनी झाले. लग्न होऊन नांदेडला आले, मुलं शाळेत जाऊ लागली, आणि मी विष्णुपुरीला मुलींच्या एका हॉस्टेलच्या मेसमध्ये स्वयंपाकाला लागले. तिथल्याच मुलींनी सांगितलं की मुक्त विद्यापीठात दहावी नसली तरी आधी पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए.ला बसता येतं. बसले. दर रविवारी एका कॉलेजातल्या अभ्यासकेंद्रात वर्ग असायचे. मराठी शिकवायला त्याच कॉलेजातले एक प्राध्यापक होते. बोलायला कमी, पण चुकलं तर कुणाला हसायचे नाहीत. माझ्यासारखीला एवढंही पुष्कळ होतं.

पहिल्या वर्षाचे गृहपाठ द्यायचे होते. तीन विषयांचे मी दिले होते. मराठीचा राहिला होता, चार प्रश्नांपैकी दोन लिहून झालेले. शनिवार शेवटचा दिवस. गृहपाठ दिला नाही तर गुणांच्या जागी गैरहजर पडतं आणि तो विषय पुढच्या वर्षावर जातो. पुढच्या वर्षी मेस, मुलं आणि हे सगळं पुन्हा जमेल याची मला खात्री नव्हती. एकदा सुटलेलं शिक्षण पुन्हा हाती येतं, पण दोनदा येतं असं मी कुणाचं ऐकलेलं नाही.

बुधवारी सकाळी भावाचा फोन आला. आप्पांना लातूरला दवाखान्यात आणलंय. पायात काटा मोडला होता, तो त्यांनी कुणाला सांगितला नाही. साखर आधीचीच. पाय घोट्यापर्यंत सुजून लाल झाला होता. डॉक्टर म्हणाले, एक बोट काढावं लागेल, शुक्रवारी. मी मेसच्या बाईंना सांगून मिळेल त्या एसटीत बसले. पुस्तकं आणि गृहपाठाचे कागद नांदेडलाच राहिले.

गुरुवारी दुपारी आप्पांचा डोळा लागल्यावर मी भावाला एक कोरी वही आणायला लावली आणि सरांना पत्र लिहायला बसले. अर्ज लिहायचा मला एकच नमुना माहीत होता, शाळेतला. मधे विषय, मग "महोदय", मग विनंती, शेवटी "आपली आज्ञाधारक". मी लिहिलं की माझे वडील आजारी आहेत, त्यांच्या पायाचं ऑपरेशन आहे, त्यांच्याजवळ थांबणं भाग आहे, म्हणून मराठीचा गृहपाठ वेळेत देता येत नाही. आपण माझ्यासारखीला शिकवता हे उपकार मी विसरणार नाही. आपला वेळ घेत आहे, क्षमा असावी. आपणांस योग्य वाटेल तेवढी मुदत द्यावी. पुन्हा एकदा क्षमा असावी.

शेजारच्या खाटेजवळ निलंग्याकडची एक म्हातारी आपल्या मालकाला घेऊन आली होती. तिनं मला ते मोठ्यानं वाचून दाखवायला लावलं. मी वाचलं.

"किती येळा क्षमा मागितलीस गं?"

"दोनदा."

"चोरी केलीस का? बाप आजारी हाय की."

"सर मोठे आहेत, मावशी."

"हाव, असतील. पण इतकी वाकून लिवलीस तर वाचणाराची मान दुखंल, माय."

मी हसले, पण एक अक्षर बदललं नाही. उलट मला वाटलं अजून काहीतरी कमी आहे. शाळेत रजेच्या अर्जाला खाली डाव्या बाजूला पालकाची सही लागायची, तिच्याशिवाय मास्तर अर्ज हातात घेत नसत. मी डावीकडे लिहिलं, "पालकाची सही", आणि पुढे रेघ ओढली. चौतिसाव्या वर्षी. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. सही नवऱ्याची घ्यावी असंही मनात आलं, पण नवरा नांदेडला होता आणि आजार आप्पांचा होता.

आप्पा जागे झाल्यावर मी वही त्यांच्यापुढे धरली. डाव्या हाताला सलाईन होतं, उजवा मोकळा. त्यांनी चष्मा मागितला. पत्र वाचलं नाही, फक्त खालची ओळ बघितली.

"कशाची सही?"

"कॉलेजला द्यायचीय, आप्पा."

"न्हाई करत."

मला वाटलं त्यांना दुखतंय. मी म्हटलं, "एवढी सहीच करायचीय."

"एकदा केलो की. आता माझ्या पायापायी परत नाव काढायलीस व्हय? न्हाई करत मी. जा तू नांदेडला. तुझा भाऊ हाय इथं."

वीस वर्षांत त्यांनी त्या दाखल्याचा विषय एकदाही काढला नव्हता. मला वाटायचं ते विसरले.

"नाव काढायचं न्हाई, आप्पा," मी म्हटलं. "मुदत मागायलेय. थोडे दिवस वाढवून द्या म्हणून."

"खरं?"

"वाचा की."

त्यांनी सगळं पत्र बोट ठेवून वाचलं. ऑपरेशनच्या ओळीवर थांबले. "बोट काढायलेत ते लिवलीस न्हाई."

"ते कशाला?"

"बरं." मग त्यांनी सही केली. नाव पूर्ण, खाली दोन रेघा. दुसरी रेघ कागदाबाहेर चादरीवर गेली. म्हातारी म्हणाली, "पाटील, चादर दवाखान्याची हाय, तिला मुदत न्हाई मिळायची."

पत्राचा फोटो काढून मी सरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. संध्याकाळी दोन निळ्या खुणा दिसल्या. उत्तर नाही. शुक्रवारी सकाळी आप्पांना ऑपरेशनला नेलं तेव्हाही नाही. मी बाहेर बाकावर बसून फोन उघडायची आणि बंद करायची. कधी डॉक्टरांच्या दाराकडे बघायची, कधी फोनकडे. लाजही वाटत होती की बापाला आत नेलंय आणि मी गृहपाठाचं बघतेय. आप्पा बाहेर आले, डॉक्टर म्हणाले, एका बोटावर निभावलं, पण साखर आटोक्यात येईपर्यंत ठेवावं लागेल. मग दुपारी सरांचा फोन आला. मी उठून उभी राहून घेतला.

त्यांनी आधी आप्पांचं विचारलं. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमचं पत्र काल केंद्रप्रमुखांना दाखवलं. ते म्हणाले, द्या मुदत, पण किती दिवसांची? तेच तुम्ही लिहिलं नाही."

"तुम्ही द्याल तेवढी, सर."

"तसं नसतं. मी दोन दिवस म्हटलं आणि तुम्हाला तीन लागले तर? हे बघा, पुढच्या शुक्रवारी मला सगळ्यांचे गुण ऑनलाइन भरायचेत. त्यानंतर माझ्या हातात काही नाही. तुमचा गृहपाठ तपासायला मला एक दिवस पुरे. आता सांगा, तुम्हाला कधी जमेल?"

मला तारीख सांगणं म्हणजे सरांना हुकूम सोडल्यासारखं वाटत होतं. आणि त्याच वेळी मला माझी मेस आठवली. रोज दुपारी चारला मी मुलींवर ओरडते, रात्री जेवायला किती जणी ते आकड्यात सांगा. "मावशी, बघा तुमच्या अंदाजानं" असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. अंदाजानं कणीक भिजवली की एक तर उरते नाहीतर कुणीतरी उपाशी राहतं. त्यांना वाटतं त्या गोड बोलतात. काम मात्र माझ्यावर टाकतात.

"बुधवार, सर," मी म्हटलं. "बुधवारी दुपारी दोनपर्यंत आणून देते."

"नक्की?"

"सोमवारपासून भाऊ दवाखान्यात थांबतोय. मी सोमवारी नांदेडला येते. दोन प्रश्न राहिलेत, दोन लिहून झालेत."

"हे सगळं लिहा ना पत्रात. आणि वडील ऍडमिट आहेत त्याचा कागद जोडा, केसपेपरचा फोटो चालेल." मग म्हणाले, "आणि पालकाची सही नको. तुमची एकटीची पुरते."

ते हसले नाहीत. हसले असते तरी मी वाईट मानलं नसतं. पण नाही हसले, त्यासाठी मी त्यांची ऋणी आहे.

दुसरं पत्र पाच ओळींचं झालं. वडील कधीपासून दवाखान्यात आहेत, काय झालंय, किती गृहपाठ झालाय, किती राहिलाय, बुधवारी दोनपर्यंत देईन. क्षमा एकदाच मागितली. म्हातारीला वाचून दाखवलं तर म्हणाली, "आता कसं माणसावानी बोललीस." तासाभरात सरांचं उत्तर आलं: बुधवारी दोनपर्यंत मुदत मंजूर, वडिलांची काळजी घ्या.

सोमवारी निघताना मी आप्पांना सांगितलं की मुदत मिळाली. त्यांचा पाय उशीवर बांधून ठेवलेला होता.

"माझी सही चालली का?"

हो म्हणावं असं क्षणभर वाटलं. पण मग ते पुढच्या खेपेलाही सहीसाठी उजवा हात मोकळा ठेवून बसले असते.

"ती लागत न्हाई म्हणले सर. माझीच पुरती."

"बरं हाय," आप्पा म्हणाले. "लवकर जा. एसटी चुकंल."

मंगळवारी मेसचं काम आटपून दोन्ही प्रश्न लिहिले. बुधवारी दीडला मी कॉलेजात होते. सर तासावर होते, मी व्हरांड्यात थांबले. त्यांनी कागद मोजून घेतले, गृहपाठाच्या माझ्याकडच्या प्रतीवर "मिळाला" असं लिहून तारीख टाकली आणि सही केली. मी आभार मानायला लागले, तर म्हणाले, "दोन वाजायला दहा मिनिटं आहेत. वेळेत आलात. झालं."

पहिलं पत्र कुठंच जमा झालं नाही. ते मराठीच्या पुस्तकात ठेवलंय, डावीकडे आप्पांच्या सहीसकट. दुसरी रेघ अर्धीच आहे त्यावर. उरलेली लातूरला चादरीवर राहिली.